कानात नाडीचा ठोका ऐकू येतो तेव्हा आधी डोळे का तपासायचे

"वय 36, नाशिक. दोन महिने झाले, उजव्या कानात सूं... सूं... असा आवाज येतोय. रात्री उशीवर डोकं टेकलं की जास्त. मनगटावर बोट ठेवून पाहिलं तर बरोबर नाडीबरोबर चालतो. मानेला उजव्या बाजूने जरा दाबलं की बंद, सोडलं की पुन्हा सुरू. कानाच्या डॉक्टरांनी मळ काढला, ऑडिओमेट्री केली, नॉर्मल आली. म्हणाले, ताणामुळे होतं, लक्ष देऊ नका. बीपी नॉर्मल आहे. हे खरंच सोडून द्यायचं का?"

नाही ताई, सोडून देऊ नका. आज रात्री धावपळ करावी असंही तुमच्या लिहिण्यात काही दिसत नाही, पण येत्या आठवड्यात एक तपासणी नक्की व्हायला हवी. ती कानाची नाही. मी 26 वर्षं कान-नाक-घशाचा डॉक्टर म्हणून काम करतोय, आणि असा पेशंट आला की त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवल्याशिवाय सोडत नाही. का, ते सांगतो.

कानात आवाज येतो म्हणणारे लोक माझ्याकडे रोज येतात. त्यातले बहुतेक सांगतात ती 'कुंईऽऽ' किंवा रातकिड्यांची किरकिर. तो आवाज बाहेर कुठे नसतो. ऐकण्याची यंत्रणा कमी झालेल्या आवाजाची भरपाई करायला जाते आणि तो आतल्या आत तयार होतो. वयामुळे, गोंगाटात काम केल्यामुळे, कधी औषधांमुळे. त्यांना 'लक्ष देऊ नका, सवय होईल' हा सल्ला बऱ्याचदा बरोबर असतो. तुमच्या डॉक्टरांनी तोच सल्ला दिला, फक्त तो दुसऱ्या आजाराचा होता.

नाडीच्या तालावर येणारा आवाज बहुधा खरा आवाज असतो. तुमच्या डोक्यात किंवा मानेत कुठेतरी रक्त खळखळ करत वाहतंय आणि कान ते ऐकतोय. ऑडिओमेट्री नॉर्मल आली याचा अर्थ तुमचा कान उत्तम ऐकतो, इतकाच. रक्त कुठे खळखळतंय हे त्या मशीनला विचारलेलंच नव्हतं.

रक्त एरवी आवाज न करता वाहतं. मेंदूला रक्त नेणारी मोठी धमनी कानाच्या आतल्या शंखापासून अगदी थोड्या अंतरावरून, त्याच हाडातून वर जाते. मेंदूतलं रक्त परत आणणारी मोठी शीर कानाच्या मागच्या उंचवट्याला आतून टेकून खाली उतरते. एवढ्या शेजारी दोन नद्या वाहतात तरी आपल्याला काही ऐकू येत नाही, कारण प्रवाह संथ असतो. बागेच्या नळीचं तोंड अंगठ्याने अर्धं दाबा, लगेच पाणी फुसफुसतं. रक्तवाहिनीचंही तसंच. ती कुठे चिंबली, कुठे भलतीकडे जोडली गेली, की धार सुटते आणि आवाज येतो. दुसरी शक्यता अशी की प्रवाह ठीक आहे पण वेगच वाढलाय: हिमोग्लोबिन फार खाली गेलंय, थायरॉइडची ग्रंथी गरजेपेक्षा जास्त काम करतेय, बाई गरोदर आहे. तेव्हा आवाज बहुतेक वेळा दोन्ही कानांत असतो. हिमोग्लोबिन 6 असलेली एक पेशंट 'कानात धडधडतं' म्हणून आली होती. लोह सुरू केल्यावर काही आठवड्यांत थांबलं. तिसरी शक्यता, आवाज नेहमीचाच आहे पण कान बंद झाल्याने तो मोठा वाटतो. सर्दीत कानाला दडा बसतो तेव्हा स्वतःचं चावणंसुद्धा घुमतं, ते हेच. तुमचा मळ काढूनही आवाज राहिला आणि ऐकण्याची चाचणी चांगली आली, म्हणजे ही तिसरी शक्यता जवळजवळ गेली.

माझ्याकडे असा पेशंट आला की मी आधी त्याला आवाज तोंडाने काढून दाखवायला सांगतो. लोक लाजतात, पण हे फार उपयोगी पडतं. तो 'सूं... सूं...' करत असतो आणि मी दुसरीकडे बघत त्याची नाडी धरून बसतो. ताल जुळला तर खरंच नाडीचा. काही जण 'टक-टक-टक' असं भराभर आणि वेडंवाकडं करून दाखवतात. ते बहुतेक कानातल्या किंवा टाळूच्या स्नायूचं फडफडणं असतं, त्याचा मार्ग वेगळा. मग त्याला जिना चढून-उतरून यायला सांगतो आणि पुन्हा ताल बघतो. नाडी वाढली की आवाजही तितकाच भराभर व्हायला हवा.

त्यानंतर पंखा बंद, एसी बंद, दार बंद, आणि स्टेथोस्कोप कानामागच्या हाडावर, कानाच्या वर, मानेवर, मिटलेल्या पापणीवर. पेशंटने श्वास क्षणभर रोखायचा. माझा दवाखाना एसटी स्टँडसमोर आहे, म्हणून असे पेशंट मी सकाळी साडेसातला बोलावतो. दहानंतर हॉर्नशिवाय दुसरं काही ऐकू येत नाही. हे गमतीने सांगत नाहीये. कितीतरी ठिकाणी ही तपासणी होत नाही याचं खरं कारण गडबड हेच असतं. पेशंटचा आवाज डॉक्टरलाही ऐकू आला तर पुढचा सगळा रस्ता बदलतो. त्याचं उदाहरण खाली देतो.

तुम्ही मान दाबून पाहिलीत, ही फार मोलाची माहिती आहे. पण ती नीट समजून घ्या. मानेत कडेने मेंदूकडचं रक्त खाली आणणारी शीर असते आणि तिच्या आत, खोलवर, वर जाणारी धमनी. शीर मऊ आहे. हलक्या बोटानेही ती दबते, तिच्यातलं रक्त दुसऱ्या बाजूच्या शिरेने निघून जातं आणि या बाजूचा आवाज एक-दोन सेकंदांत थांबतो. धमनी बंद करायला बराच जोर लागतो. म्हणून हलक्या दाबाने आवाज थांबला तर तो शिरेकडून येतो असं मी धरून चालतो. अशा लोकांचा आवाज त्याच बाजूला मान वळवली की बहुधा कमी होतो आणि उलट बाजूला वळवली की वाढतो. हेही एकदा करून बघा. ही खूण शंभर टक्के पक्की नाही, पण कुठून सुरुवात करायची ते ती सांगते.

एक सूचना. हा प्रयोग एकदा झाला, पुरे. झोप यावी म्हणून रोज रात्री मान दाबून पडू नका. जोराने तर मुळीच दाबू नका, आणि दोन्ही बाजू एकदम कधीच नाही. ज्यांचं वय जास्त आहे, ज्यांना पक्षाघात येऊन गेलाय किंवा मानेच्या धमनीत चरबी साठलीये असं कुणी सांगितलंय, त्यांनी हा प्रयोग घरी करूच नये.

आता ज्या पेशंटमुळे मी डोळ्यांबद्दल इतका हट्टी झालो, तिची गोष्ट. ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक गोष्टी बदलल्या आहेत. वय 31, शाळेत शिक्षिका. पाच महिने उजव्या कानात आवाज. तिच्या शब्दांत, 'शेजारच्या मळ्यात बोअरची मोटर चालू असावी तसं'. आधी तीन डॉक्टर झाले होते. मळ काढला, सर्दीच्या गोळ्या झाल्या, चक्करच्या झाल्या, शेवटी झोपेच्या झाल्या. फाइलमध्ये ऑडिओमेट्रीचे दोन कागद, दोन्ही स्वच्छ. कानाचा पडदा मोत्यासारखा. मान दाबली की आवाज बंद. स्टेथोस्कोपने मला काहीच ऐकू आलं नाही.

मी विचारलं, डोकं दुखतं का? म्हणाली, पित्ताचं दुखतं, सकाळी जास्त. आपल्याकडे डोकेदुखीचं खापर पित्तावर फोडलं की विषय संपतो. मी विचारलं, वाकल्यावर डोळ्यांपुढे काही होतं का? ती थोडी थांबली आणि म्हणाली, खाली पडलेला खडू उचलून उभी राहिले की फळा करडा होतो, तीन-चार सेकंद. मग पुन्हा नीट. हे ती कुणालाच बोलली नव्हती, कारण कानाच्या डॉक्टरला डोळ्याचं कशाला सांगायचं. चष्म्याच्या दुकानात नंबर तपासून आली होती. सगळी अक्षरं वाचली, म्हणून नजर चांगली आहे असं तिने धरलं होतं.

वजन 82 किलो, उंची 155 सेंटिमीटर. त्यातले 11 किलो गेल्या दीड वर्षातले.

मी तिला त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवलं. संध्याकाळी त्यांचा फोन आला: दोन्ही डोळ्यांत, नजरेची नस जिथे आत शिरते ती चकती सुजलेली आहे. कवटीतला दाब वाढला की ही सूज येते. नस मेंदूपासून डोळ्यापर्यंत ज्या आवरणातून येते त्यात मेंदूभोवतीचंच पाणी असतं. दाब वाढला की तो थेट चकतीवर येतो. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या करून आत पाहिलं तरच हे नीट दिसतं. अक्षरं वाचायच्या तक्त्यावर ते कळत नाही, कारण या आजारात नजर कडेने आत खात येते आणि मधली नजर शेवटपर्यंत टिकते. माणूस पेपर वाचत असतो आणि बाजूने येणारी मोटरसायकल त्याला दिसत नाही. कायमचं नुकसान होतं ते इथे. कानातला आवाज हा त्या मानाने निरुपद्रवी निरोप्या.

पुढची पायरी एमआरआय, आणि त्याच बैठकीत मेंदूतल्या शिरांचा वेगळा फोटो, ज्याला एमआर व्हेनोग्राम म्हणतात. हा फोटो न काढता नुसतं 'दाब वाढलाय' म्हणून गोळ्या सुरू करणं मोठी चूक ठरू शकते. शिरांमध्ये रक्ताची गुठळी झाली तरीही दाब वाढतो, चकती सुजते, कानात आवाज येतो, पण तिचा इलाज रक्त पातळ करण्याचा आणि घाईचा आहे. बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत, किंवा हॉर्मोनच्या गोळ्या चालू असताना अशी गुठळी होण्याचा धोका वाढतो. गर्भनिरोधक गोळ्या आणि गौरी-गणपतीत पाळी पुढे ढकलायला घेतात त्या, दोन्ही मी त्यात धरतो. दुसऱ्या प्रकारच्या गोळ्यांना बायका औषध मानत नाहीत आणि विचारल्याशिवाय सांगत नाहीत.

तिच्या शिरांत गुठळी नव्हती. गाठ नव्हती. मेंदूच्या मागच्या बाजूने आडवी जाणारी मोठी शीर दोन्हीकडे एका टोकाला चिंबलेली होती, कानाच्या अगदी मागे. मग दवाखान्यात दाखल करून पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं; मेंदूभोवतीचंच पाणी ते. कुशीवर झोपवून, पाय सैल सोडायला लावून सुईला काचेची नळी जोडली; पाणी 34 सेंटिमीटरपर्यंत चढलं. मोठ्या माणसात 25 च्या वर गेलं तर आम्ही ते वाढलेलं धरतो. पाण्याची तपासणी नॉर्मल. म्हणजे कवटीतला दाब वाढलाय, पण गाठ, गुठळी, संसर्ग यांपैकी काही नाही. हा आजार मूल होण्याच्या वयातल्या, वजन वाढलेल्या बायकांमध्ये जास्त दिसतो. वैद्यकात याला लांबलचक नाव आहे, आम्ही आपसात आयआयएच म्हणतो.

पाणी काढल्यावर अर्ध्या तासात ती म्हणाली, 'सर, मोटर बंद झाली.' दोन दिवसांनी आवाज परत आला, हळू. पण त्या दोन दिवसांच्या शांततेने आवाज आणि दाब यांचं नातं आम्हाला समोर दाखवून दिलं. दाब वाढतो, तो मऊ शिरेला बाहेरून चिंबतो, चिंबलेल्या जागेतून रक्ताची धार सुटते, आणि ती जागा कानाच्या शेजारी असल्यामुळे कान ऐकतो. नाडीचा ताल कुठून येतो? मेंदूतल्या धमन्या प्रत्येक ठोक्याला फुगतात आणि कवटी बंद डबा असल्याने तो धक्का शिरांपर्यंत पोचतो. आणि उजव्या कानातच का? बहुतेक माणसांत उजव्या बाजूची शीर मोठी असते आणि जास्त रक्त तिकडूनच उतरतं. तुमचाही उजवाच कान आहे. एवढ्यावरून काही ठरत नाही, पण नोंद मी घेतली.

तिला अ‍ॅसिटाझोलामाइड सुरू केलं, पाणी कमी तयार व्हावं म्हणून. आधी 250 मिलिग्रॅम दोनदा, मग सोसेल तसं वाढवत 500 दोनदा. बोटांना मुंग्या येतात, सोडा-लिमका बेचव लागतं, लघवीला जास्त जावं लागतं. हे आधी सांगून ठेवलं नाही तर पेशंट चौथ्या दिवशी गोळी बंद करतो. मुतखडा झालेला असेल, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल, दिवस राहिले असतील किंवा राहायची शक्यता असेल, तर हे डॉक्टरला आधी सांगायचं. ही गोळी दुकानातून स्वतःहून आणून खायची नाही.

गोळी वेळ मिळवून देते. खरा इलाज वजन. एकूण वजनाच्या 5 ते 10 टक्के उतरलं तरी डोळ्यांच्या सुजेत फरक दिसायला लागतो; दाब पूर्ण ठिकाणावर यायला बऱ्याच जणींना त्याहून जास्त उतरवावं लागतं. ती सात महिन्यांत 82 वरून 73 वर आली. चकतीची सूज तिसऱ्या महिन्यात कमी झाली, कडेच्या नजरेचा नकाशा पाचव्यात जवळजवळ नॉर्मल झाला. कानातला आवाज सगळ्यात शेवटी गेला. मधे ती दोनदा वैतागून आली, 'गोळ्या घेतेय तरी मोटर चालूच.' तिला सांगावं लागलं की आपण आवाजाचा पाठलाग करत नाही, डोळ्यांचा करतोय. ज्यांची नजर औषध घेऊनही घसरत जाते त्यांना ऑपरेशन किंवा शिरेत स्टेंट असे पुढचे उपाय आहेत. स्टेंटनंतर काही महिने रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या लागतात, आणि नुसत्या आवाजासाठी कुणी स्टेंट सुचवला तर मी दुसरं मत घ्यायला सांगेन.

आता तुमच्याकडे वळतो. तुम्ही वजनाबद्दल लिहिलं नाही, डोकेदुखीबद्दल नाही, वाकल्यावर किंवा अंथरुणातून उठल्यावर काही सेकंद अंधारी येते का, तेही नाही. डोळ्यांपुढे येणारी ही अंधारी चक्करपेक्षा वेगळी. जमीन फिरत नाही, दिवे मंद होतात. आणि गोळ्या कुठल्या चालू आहेत? चेहऱ्यावरच्या पुरळांसाठी डॉक्सीसायक्लिन, मिनोसायक्लिन किंवा आयसोट्रेटिनोइन, अ जीवनसत्त्वाचे मोठे डोस, बरेच दिवस घेऊन अचानक बंद केलेलं स्टेरॉइड, या सगळ्यांनी कवटीतला दाब वाढू शकतो. तुम्ही बारीक असाल, डोकं दुखत नसेल, गोळ्या नसतील, तर हा आजार असण्याची शक्यता पुष्कळ कमी होते. शिरेकडचा आवाज इतर कारणांनीही येतो. काही जणांत कानामागच्या शिरेवरचं हाड पातळ असतं किंवा शिरेला छोटा फुगा आलेला असतो. हे हाडाच्या बारीक सीटी स्कॅनमध्ये दिसतं आणि ते जिवावर बेतणारं नसतं. पण तरीही डोळे तपासून घ्या. वीस मिनिटांची तपासणी आहे, आणि चकती सुजलेली नसली तर आम्हाला घाई न करता पुढे जाता येतं.

हे उत्तर इतरही वाचतील म्हणून लिहितो: मान हलकी दाबूनही ज्यांचा आवाज थांबत नाही, त्यांची वाट वेगळी. ट्रक चालवणारे एक 58 वर्षांचे गृहस्थ आले होते, डावा कान, चार महिने. त्यांचा आवाज 'सूं' नव्हता. भात्यासारखा 'फस्स... फस्स...' असा खरखरीत होता. मान दाबून फरक नाही. एमआरआय हातात होता, रिपोर्ट नॉर्मल. कानामागे स्टेथोस्कोप ठेवला आणि तोच भाता मला ऐकू आला. मग कानामागे, हाडाच्या मागच्या खाचेत जिथे डोक्याच्या मागच्या बाजूला जाणारी धमनी ठोके देते, तिथे बोट दाबलं. आवाज अर्धा झाला.

धमनी शिरेला परस्पर जोडली गेली होती. मेंदूच्या बाहेरच्या आवरणात असं भलतं कनेक्शन तयार होतं, कधी मार लागल्यानंतर, कधी जुन्या गुठळीनंतर, कधी कारण सापडत नाही. धमनीचं जोरातलं रक्त सरळ शिरेत घुसतं. ते पुढे खाली मानेकडे निघून जात असेल तर त्रास आवाजापुरता राहतो. पण तिथून ते उलटं मेंदूच्या स्वतःच्या शिरांत शिरत असेल तर रक्तस्राव होण्याचा धोका असतो. हे कनेक्शन साध्या एमआरआयमध्ये निसटू शकतं. ते पक्कं करायचं तर जांघेतून किंवा मनगटातून नळी घालून रक्तवाहिन्यांचा फोटो काढतात, त्याला डीएसए म्हणतात. त्यांचं रक्त उलटं शिरत होतं. त्याच मार्गाने नळी नेऊन ते कनेक्शन आतून बुजवलं. म्हणून माझा नियम असा आहे: पेशंटचा आवाज मला स्टेथोस्कोपमध्ये ऐकू आला की 'नॉर्मल' रिपोर्टवर मी समाधान मानत नाही.

कानाच्या पडद्यामागे लाल, ठोक्याबरोबर हलणारा गोळा दिसला तर तीही वेगळी गोष्ट. ती रक्तवाहिन्यांची गाठ असू शकते, बहुतेक वेळा कर्करोगाची नसते, पण तुकडा काढून तपासायला गेलं तर रक्त थांबत नाही. तिथे आधी स्कॅन, हात नंतर.

आणि थेट मोठ्या हॉस्पिटलला, त्याच दिवशी कधी जायचं? आवाज अचानक सुरू झाला आणि त्याबरोबर मानेत किंवा डोळ्यामागे एका बाजूला दुखतंय, विशेषतः मानेला झटका बसल्यावर किंवा मानेची मालिश करून 'कडकड' काढल्यावर. एका डोळ्याची पापणी खाली आली, बाहुली लहान झाली. तोंड वाकडं, हात लुळा, बोलणं अडखळलं. कधीच दुखलं नव्हतं असं डोकं दुखलं. मानेतल्या धमनीचं आतलं अस्तर फाटलं की अशी सुरुवात होऊ शकते, आणि त्यातून पक्षाघात होतो. सलूनमध्ये केस कापल्यावर मान मोडून घ्यायची सवय असेल तर ती सोडा, एवढं जाता जाता सांगतो.

तुमच्यासाठी क्रम असा. या आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा आणि नुसतं 'डोळे तपासा' म्हणू नका. 'कानात नाडीचा आवाज आहे, बाहुली मोठी करून चकतीला सूज आहे का ते बघा' असं सांगा. त्याच दिवशी हिमोग्लोबिन आणि थायरॉइड करून घ्या, बीपीचा आकडा लिहून ठेवा. चकती सुजलेली निघाली तर मेंदूविकारतज्ज्ञ त्याच आठवड्यात, थांबू नका. सूज नसली तर कानाच्या डॉक्टरकडे परत जा आणि स्टेथोस्कोपने ऐकायला सांगा. स्कॅनची चिठ्ठी लिहिली जाईल तेव्हा तिच्यावर नुसतं 'ब्रेन एमआरआय' नको. 'उजव्या कानात नाडीबरोबर आवाज, मान दाबल्यावर थांबतो' ही ओळ हवी, आणि शिरा व धमन्या दोन्हींचे फोटो मागितलेले हवेत. फोटो बघणाऱ्या डॉक्टरला काय शोधायचं हे माहीत नसेल तर चिंबलेली शीर 'ठेवणच तशी' म्हणून सुटून जाते. रंगद्रव्य टोचायचं असेल तर आधी क्रिएटिनिन बघतील.

काही जणांत हे सगळं करूनही कारण सापडत नाही. तेव्हा मी म्हणतो, धोक्याच्या गोष्टी पाहून झाल्या, आता आवाज सोसण्याचं बघू: उशी थोडी उंच, पंख्याचा आवाज चालू, ज्या कुशीवर कमी होतो ती कूस. हा सल्ला तपासण्या झाल्यावरचा आहे, आधीचा नाही.

डोळ्यांत थेंब घातल्यावर चार-पाच तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन टोचतं. त्या दिवशी स्कूटर घरी ठेवा, गॉगल न्या, आणि परत आणायला कुणाला तरी सांगून ठेवा. रिपोर्ट आला की इथेच लिहा, चकतीबद्दल त्यांनी जे लिहिलंय ते शब्दशः.